नार्वे दोन, देऊळ एक: गोव्यातलं जुनं देऊळ किंवा किल्ला नेमका कुठला हे पक्कं कसं करायचं

आमच्या घरी डिचोलीला कोल्हापूरचे काका-काकू आले होते, आणि त्यांना शिवाजी महाराजांनी बांधायला लावलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ बघायचं होतं. त्या दिवशी ते जुन्या गोव्याला चर्च बघायला गेले होते, म्हणून मी फोनवर नुसतं सांगितलं, "काका, नार्व्याला जा." एवढंच. मोबाईलवर नार्वे टाकलं, पिन आली, आणि मंडळी जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेटावर उतरून नार्व्याला पोचलीसुद्धा. तिथून काकांचा फोन, "अरे इथे तर चर्चकडचा रस्ता दिसतोय, देऊळ कुठाय?" मग एका बाईंनी सांगितलं, "देवूळ पलतडीं, फेरी धरून वचात." म्हणजे नदीच्या पलीकडे. दुसरी फेरी धरून ते दुसऱ्या नार्व्याला पोचले, देव भेटला, पण तोवर देऊळ बंद व्हायची वेळ झालेली.

चूक माझीच. नार्वे दोन आहेत हे मला माहीत होतं, पण बोलताना लक्षात आलं नाही, कारण आमच्यासाठी नार्वे म्हणजे आमच्या बाजूचंच नार्वे. म्हणून हे लिहितोय, बाहेरून येणाऱ्यांसाठी, आणि खरं सांगायचं तर जे लोकांना पत्ते सांगतात त्या माझ्यासारख्यांसाठीपण.

आधी गोव्यात हे एवढं का होतं ते बघा. एकतर गावाला तीन नावं असतात, कोकणीतलं, मराठीतलं आणि कागदावरचं पोर्तुगीज वळणाचं. आमचंच घ्या, घरात दिवचल म्हणायचं, मराठी पेपरात डिचोली, आणि सरकारी बोर्डावर `Bicholim`. दुसरं म्हणजे देव हललेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा भाविकांनी मूर्ती उचलून नदीपलीकडे, पोर्तुगीजांची सत्ता नव्हती अशा मुलखात नेल्या. देव नव्या गावी गेला पण जुन्या गावाचं नाव बरोबर घेऊन गेला. तिसरं म्हणजे किल्ल्याला गावकरी एका नावाने ओळखतात, इतिहासाच्या पुस्तकात दुसरंच असतं आणि सिनेमात दिसल्यावर तिसरंच पडतं.

आधी सगळी नावं एका कागदावर

कुणी जागेचं नाव सांगितलं की लगेच मॅपवर टाकू नका. आधी लिहून काढा की हे नाव कोण वापरतं. सप्तकोटेश्वराचंच बघू. आजूबाजूची माणसं "नार्व्याचं देऊळ" म्हणतात, महाराष्ट्रातून येणारे "महाराजांनी बांधलेलं देऊळ" म्हणतात, सरकारी इंग्रजी कागदावर `Saptakoteshwar Temple, Naroa` असतं, आणि देवळाच्या शिलालेखात देवाचं नाव सप्तकोटीश असं आहे. कदंब राजांच्या बिरुदातसुद्धा हा देव येतो, सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद मिळालेले अशा अर्थाचं. म्हणजे कोटेश्वर, कोटीश्वर, कोटीश हे सगळं एकच. हे आधीच माहीत असलं की कुठे सप्तकोटीश वाचलं तर "हे दुसरंच देऊळ दिसतंय" असं वाटत नाही.

देवांच्या नावात आणखी एक खुबी असते. गोव्यात देवीला अमुककरीण म्हणतात, आणि नवीन माणसाला वाटतं की देवी त्या गावात आहे. तसं नसतं, बरेचदा तो देवीचा मूळ गाव असतो. फातर्प्याला श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आहे, म्हणजे देवी मूळची कुंकळ्ळीची, देऊळ मात्र फातर्प्यात. त्याच फातर्प्यात श्री शांतादुर्गा फातर्पेकरीणचंही वेगळं देऊळ आहे. आता कुणी "फातर्प्याची शांतादुर्गा" एवढंच म्हटलं तर कुठलं समजायचं? आणि कुंकळ्ळीकरीण शोधायला कुंकळ्ळीला गेलात तर काय होणार ते कळलंच असेल. शिवाय शांतादुर्गा म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर कवळ्याचं मोठं देऊळ येतं, ते तिसरं, फोंडा तालुक्यात, आणि ती देवी मूळची केळशीची.

म्हारदोळची म्हाळसापण तशीच, फक्त उलट्या बाजूने. देवीचं मूळ ठिकाण वेर्ण्याला, आणि त्या जागेलासुद्धा जुनं म्हारदोळ म्हणतात. म्हणजे इथे देवीबरोबर जागेचं नावच हललं. म्हारदोळ लिहून शोधलं आणि कुठलं ते लिहिलं नाही तर फोंड्याकडे जायचं की वेर्ण्याकडे हे नशिबावर.

मग स्पेलिंग

हे जमलं की अर्धं काम झालं, कारण सरकारी यादी, मॅप आणि रस्त्यावरचे बोर्ड हे सगळं रोमन अक्षरात असतं, आणि ती अक्षरं पोर्तुगीज पद्धतीने लावलेली असतात, इंग्रजी पद्धतीने नाही. शाळेतलं इंग्रजी लावून वाचलं तर नाव ओळखूच येत नाही.

तीन-चार गोष्टी लक्षात ठेवल्या की पुष्कळ भागतं. सुरुवातीचा ह पोर्तुगीजात बोलत नाहीत म्हणून तो बरेचदा गायब होतो, हरवळे हे `Arvalem` होतं आणि हळर्णे हे `Alorna`. क चा उच्चार पुढे इ किंवा ए आला की `Qu` ने लिहितात, म्हणून केरी हे `Querim`, केपे हे `Quepem`, केळशी हे `Quelossim`. कवळे हे `Queula` झालंय, ते कुणाला बघून ओळखणार! श ला `X` येतो, शेल्डे म्हणजे `Xeldem`. आणि शेवटचा `m` वाचायचा नाही, तो फक्त अनुस्वार आहे, `Querim` ला केरीम म्हणणारा माणूस बाहेरचा आहे हे आम्हाला लगेच कळतं.

हरवळ्याची लेणी बघायला येणारे लोक "पांडवांची गुहा" शोधतात, कारण पांडव वनवासात तिथे राहिले अशी गोष्ट सांगतात. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या यादीत पांडव सापडणार नाहीत, तिथे गावाच्या नावाखाली लेणी म्हणून नोंद आहे. आणि मॅपवर त्याच नावाचा धबधबाही येतो, शेजारी रुद्रेश्वराचं देऊळ येतं. तिन्ही जवळजवळ आहेत म्हणून कुणी हरवत नाही, पण फोटोखाली नाव लिहिताना किंवा दुसऱ्याला लोकेशन पाठवताना धबधब्याची पिन लेण्यांची म्हणून जाते आणि मग तीच पुढे पुढे फिरत राहते.

म्हणून मी काय करतो, एकाच जागेचं मराठी नाव, कोकणी नाव आणि पोर्तुगीज स्पेलिंग तिन्ही वेगवेगळं टाकून शोधतो. तिन्ही वेळा पिन एकाच ठिकाणी पडली तर थोडा विश्वास बसतो. वेगवेगळ्या ठिकाणी पडली तर तिथेच थांबायचं, कारण एक तर स्पेलिंग चुकलंय नाहीतर त्या नावाची गावं दोन आहेत.

गाव सांगताना तालुका सोडू नका

मी काकांना नार्वे, तालुका डिचोली एवढं सांगितलं असतं तर फेरी चुकली नसती. दिवाडी बेट तिसवाडी तालुक्यात येतं आणि देऊळ डिचोली तालुक्यात आहे. मधे मांडवी. दोन्हीकडच्या नावाचं रोमन स्पेलिंगही तेच, `Naroa`, त्यामुळे नुसत्या नावाने मॅपला फरक कळायचा काही मार्गच नाही.

आणि हे नार्व्यापुरतं नाहीये. केरी तीन आहेत, एक पेडण्यात समुद्राकाठी, एक सत्तरीत चोर्ला घाटाकडे, एक फोंड्यात जिथे विजयादुर्गेचं देऊळ आहे. तेरेखोलच्या किल्ल्यावर जायला फेरी लागते ती पेडण्याच्या केरीहून. सत्तरीच्या केरीला कुणी फेरी विचारली तर लोक हसतील. सुर्लाही एकाहून जास्त आहेत, डिचोलीत सुर्ला, सत्तरीत घाटावर सुर्ला आणि कदंबकाळातल्या महादेवाच्या देवळाचं तांबडी सुर्ला ते अजून वेगळं. ज्यांना देऊळ बघायचंय त्यांनी "तांबडी" हा शब्द खाल्ला की दिवस गेला.

तालुक्यातही एक गोची आहे बरं का. तांबडी सुर्ला आता धारबांदोडा तालुक्यात आहे, पण हा तालुका अलीकडचा आहे, आधी तो भाग सांगे तालुक्यात होता. जुन्या पुस्तकात आणि जुन्या यादीत सांगे असं लिहिलेलं मिळतं आणि ते चूक नाही, त्यावेळी बरोबरच होतं. तर दोन कागदांवर तालुका वेगळा दिसला तर लगेच दोन देवळं समजू नका, आधी कागद कुठल्या सालचा ते बघा.

गावाचं अधिकृत स्पेलिंग कुठे मिळेल तर सगळ्यात सोपी जागा म्हणजे भूमापन खात्याची साईट, जिथे लोक जमिनीचा एक-चौदाचा उतारा बघतात. तिथे आधी तालुका निवडावा लागतो आणि मग त्या तालुक्यातल्या गावांची लिस्ट खाली उघडते. मला उतारा बिलकूल नको असतो, मी फक्त ती लिस्ट बघायला जातो, कारण तिथे गाव कुठल्या तालुक्यात आणि कुठल्या स्पेलिंगने आहे ते एका झटक्यात दिसतं. एवढंच की वाडा, भाट असली छोटी नावं तिथे गाव म्हणून येत नाहीत, त्यामुळे लोक जे नाव घेतात ते लिस्टमध्ये नसलं तर ते वाड्याचं नाव असू शकतं. मंगेशी हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, सगळे मंगेशी म्हणतात, बसवालासुद्धा, पण गाव प्रियोळ. आणि देव मूळचा कुठ्ठाळीचा, तो अजून वेगळा तालुका.

सरकारी यादीत बघायचं, पण काय बघायचं ते कळून

याद्या दोन आहेत, एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची आणि एक गोवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याची. दोन्ही वेगळ्या. एकात नाही मिळालं म्हणून जागा संरक्षित नाही असं धरू नका, दुसरीत बघा. तांबडी सुर्ल्याचा महादेव आणि हरवळ्याची लेणी केंद्राकडे आहेत, नार्व्याचं सप्तकोटेश्वर राज्याकडे.

यादीत नुसतं नाव वाचून सोडायचं नाही, त्याच ओळीत पुढे गाव आणि तालुका असतो तो वाचायचा, खरी माहिती तीच आहे. आणि नावं साधी असतात, फोर्ट ऑफ अमुक, महादेव टेंपल ॲट तमुक. महादेवाची देवळं एकाहून जास्त आहेत, तांबडी सुर्ल्याचं एक, कुर्डीचं एक, आणि कुर्डीचं तर गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे नेऊन परत उभं केलंय. म्हणजे नाव कुर्डीचं, देऊळ आता कुर्डीच्या मूळ जागेवर नाही. गोव्यात देवच हलतात असं नाही, देवळंपण हलतात!

चालू देवळांचं वेगळं असतं. जिथे रोज पूजा चालते, महाजन आहेत, कमिटी आहे, असली पुष्कळ देवळं पुरातत्त्वाच्या यादीत नसतात. ती देवस्थान म्हणून मामलेदाराकडे नोंदलेली असतात. मामलेदार ऑफिसात जाऊन कागद बघायची गरज नाही, त्याहून सोपं म्हणजे देवळाची पावती. अभिषेकाची, देणगीची, कसलीही पावती असूदे, तिच्यावर संस्थानचं पूर्ण नाव, गाव, तालुका छापलेला असतो. ओळखीत कुणी जाऊन आलं असेल तर त्यांना सांगायचं, "मावशी, पावतीचा फोटो पाठवा जरा." मला तर हे मॅपपेक्षा जास्त खात्रीचं वाटतं.

किल्ल्याचं एक पूर्ण करून बघू: खोलगड

समजा कुणी तुम्हाला सांगितलं, काणकोणला खोलगड आहे तो बघ. तुम्ही खोलगड टाइप केलं, काही धड येईना. मग खोला टाकलं तर खोला बीच आलं, रोमनमध्ये `Cola` टाकलं तर मॅपने विचारलं `Colva` म्हणायचंय का, आणि तुम्ही हो म्हटलं तर गेलात साष्टीतल्या कोलव्याला, जे किल्ल्याच्या कितीतरी उत्तरेला आहे आणि तिथे बीचच आहे, गड नाही. हे काल्पनिक नाही, आमच्या ओळखीतल्या एका मुलाने असंच गाडी भाड्याने घेऊन केलंय, आणि वर कोलव्याला पोचून मला विचारतो गड कुठल्या बाजूला.

आता नीट करू. नावं लिहा: खोलगड, काब द राम, केप रामा, रामाचा किल्ला. राम वनवासात इथे राहिले अशी गोष्ट आहे, म्हणून हे नाव. पोर्तुगीजात काबो म्हणजे भूशिर, समुद्रात घुसलेलं टोक, म्हणून रामाचं भूशिर, `Cabo de Rama`. खोल हे गावाचं नाव, कागदावर `Cola`, तालुका काणकोण, `Canacona`. एवढं जुळवल्यावर दिसतं की खोलगड हे गावावरून पडलेलं नाव आहे आणि `Cabo de Rama` हे टोकावरून पडलेलं, जागा एकच. सरकारी यादीत शोधायचं ते `Cabo de Rama` नावानेच.

मग मॅपवर `Cabo de Rama` टाकायचं, पण इथेही दोन पिना येतात, एक किल्ल्याची आणि एक त्याच नावाच्या बीचची. बीच खाली, किल्ला वर टोकावर. आणि खोला बीच हे अजून दक्षिणेला, किल्ल्यापासून काही किलोमीटर लांब. तिन्हीच्या नावात खोल किंवा काब आहेच.

आता कोऑर्डिनेट्स बघायचे. किल्ला साधारण 15.09, 73.92 ला आहे. हे असे दोन दशांशांचे आकडे जागा ढोबळपणे सांगतात, दुसऱ्या दशांशात एकाचा फरक म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. एवढ्यावर भागत नाही, पण चुकीचा तालुका किंवा चुकीचा बीच यात लगेच बाहेर पडतो, कोलव्याचा पहिला आकडा 15.28 च्या आसपास येतो म्हणजे वीस किलोमीटरच्या वर उत्तरेला. कुणाला लोकेशन पाठवायचं असेल तर चार दशांश घ्या, चौथ्या दशांशातला एकाचा फरक दहा-अकरा मीटरचा असतो, गेटपर्यंत पोचायला तो पुरे. आणि आकडे उलटे टाकू नका, पहिला पंधरा, काणकोणच्या अगदी दक्षिण टोकाला चौदा, मग त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर, गोव्यात कुठेही असाल तरी हे असंच येणार. दुसरं काही आलं तर कुणीतरी चुकीचं कॉपी केलंय.

मग सॅटेलाईट चित्र लावायचं. इथे पिनवर विश्वास ठेवायचा नाही, डोळ्याने बघायचं. तिन्ही बाजूंनी समुद्राकडे उतरणारं टोक, जमिनीच्या बाजूला तटाची रेघ आणि खंदक, आत मोकळं पठार आणि त्यात एक चर्च. ते संत आंतोनचं. चर्च किल्ल्याच्या आत दिसलं की झालं, हा खोलगडच. हा किल्ला सौंद्याच्या राजाकडून पोर्तुगीजांकडे १७६३ च्या सुमारास आला, आणि पुढे १९५५ पर्यंत तिथे तुरुंग होता. हे सांगायचं कारण की जुन्या कागदात कधी कधी तो तुरुंग म्हणूनच येतो, तेव्हा गोंधळू नका.

सॅटेलाईटचीही एक मर्यादा आहे, पावसाळ्यात घेतलेलं चित्र असलं की सगळं हिरवं आणि तट झाडीत गडप. झाडीत लपलेल्या छोट्या गढ्यांना तर हे चित्र काहीच उपयोगाचं नाही, तिथे माणसालाच विचारावं लागतं.

माणसाला कसं विचारायचं

यात लोक सगळ्यात जास्त चुकतात. गाडी थांबवून विचारतात, "सप्तकोटेश्वर इथेच ना?" आणि समोरचा मान हलवतो. तो खोटं बोलत नाही, तुम्ही हो म्हणवून घेता म्हणून तो हो म्हणतो, किंवा त्याला वाटतं की तुम्ही या रस्त्याने बरोबर चाललाय एवढंच विचारताय. नाव आपण सांगायचंच नाही. त्याच्याकडून काढायचं. "ह्या देवळांत देव कोण?" "हें खंयचें देवूळ?" असं कोकणीत विचारलं तर उत्तम, मराठीत विचारलं तरी सगळ्यांना कळतं. किल्ल्याला विचारताना "तुमी ह्या किल्ल्याक कितें म्हणटात?" मग जे नाव येईल ते आपल्या कागदावरच्या नावांशी जुळतं का बघायचं. न जुळलं तर वाद घालू नका, तेही लिहून घ्या, कदाचित ते चौथं नाव असेल.

कुणाला विचारायचं हेपण आहे. देवळासमोर फुलं विकणारी बाय, फेरीवरचा माणूस, पोस्टमन, ही माणसं पत्त्यात मुरलेली असतात. भाड्याच्या स्कूटरवर फिरणाऱ्याला विचारू नका, तो तुमच्यासारखाच मॅप बघतोय.

शेवटी जागेवर गेल्यावर

पोचलात म्हणजे झालं असं नाही, एकदा खात्री करून घ्या. नार्व्याला मी लोकांना काय बघायला सांगतो तर दाराच्या वरचा शिलालेख. त्यात सप्तकोटीश हे नाव आहे, शके १५९० हे साल आहे आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाला असं आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे १६६८. वर्षाच्या शेवटी शेवटी, पौषाच्या आसपासपासून ७९ मिळवावे लागतात कारण तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं, पण इथे कार्तिक आहे म्हणून ७८ च. लेख वाचता नाही आला तरी शिवराज आणि १५९० एवढं शोधा. आत गाभाऱ्यात लिंगही साधं गोल नाही, उभ्या धारा असलेलं आहे, धारालिंग म्हणतात त्याला. समोर दीपस्तंभ आहे, पण दीपस्तंभावरून देऊळ ओळखू नका, तो गोव्यात पुष्कळ देवळांपुढे असतो.

फोटोशी जुळवताना जपून. हे देऊळ दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये परत उघडलं, त्यामुळे जुन्या फोटोतलं देऊळ आणि समोरचं देऊळ रंगाने, छपराने वेगळं वाटू शकतं. देऊळ बदललं म्हणून लेख बदलत नाही, म्हणून मी फोटोपेक्षा लेख बघा म्हणतो. आणि दिवाडीच्या नार्व्याला गेलात तर तेही वाया नाही खरं तर, देवाची मूळ जागा तिथलीच, कदंबांचं सप्तकोटेश्वर तिथेच होतं. फक्त आज पूजा पलीकडे चालते.

बोर्डाबद्दल एक सांगतो. केंद्राच्या स्मारकावर निळा बोर्ड असतो, त्यावर संरक्षित स्मारक असं लिहिलेलं असतं. पण बऱ्याच बोर्डांवर जागेच्या नावापेक्षा दंडाचा मजकूरच मोठा असतो, आणि काही ठिकाणी बोर्ड गंजून नाव गेलेलं असतं. म्हणून बोर्डाचा फोटो काढताना नाव दिसतंय का बघा, नाहीतर घरी जाऊन तुमच्याकडे फक्त दंड किती ते राहील.

एवढं झालं की जे काही सापडलं ते एका ओळीत लिहून ठेवा, पुढच्याला पाठवायला. मी आता पाहुण्यांना असं पाठवतो:

```
सप्तकोटेश्वर देऊळ (नार्व्याचं देऊळ)
गाव नार्वे / Naroa, तालुका डिचोली / Bicholim
दिवाडीचं नार्वे नाही, ते नदीपलीकडे तिसवाडीत
ओळख: दारावर लेख, शके १५९०
```

यातली तिसरी ओळ सगळ्यात कामाची आहे, कुठलं नाही ते सांगणारी. परवा काकांच्या सोसायटीतले लोक येणार होते, त्यांना काकांनीच हा मेसेज फॉरवर्ड केला आणि खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं, "दुसरी फेरी धरावी लागली तर समजा चुकलात."

ते मात्र बरोबर नाही हां. जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावरून दोन फेऱ्या धरून जाणं हाही रस्ताच आहे, आणि हाताशी वेळ असेल तर तो बराच छान आहे.